चिनी कारखान्याला पत्र लिहिताना

पाठीवर अडकवायचा बॅटरीचा फवारणी पंप उघडला, की तळाशी मुठीएवढी मोटर आणि तिला जोडलेला छोटा डायफ्राम पंप दिसतो. बारा व्होल्टवर चालणारा हा भाग आपल्याकडे चीनमधून आयात होतो. झेजियांग प्रांतातलं तायझोऊ हे शहर फवारणी यंत्रांच्या कारखान्यांसाठी ओळखलं जातं आणि तिथून जवळचं मोठं बंदर म्हणजे निंगबो. समजा, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत कुणी असे फवारणी पंप जुळवतो. टाकी, पट्टे, नळी, लान्स इथेच मिळतात, डायफ्राम पंप मात्र तायझोऊहून येतो. रब्बीच्या हंगामाआधी दुकानांत माल पोचवायचा तर ५००० पंप १० सप्टेंबरपर्यंत अंबडला यायला हवेत. निंगबोहून न्हावाशेवापर्यंत जहाजाला साधारण तीन आठवडे लागतात, मग कस्टम, मग ट्रक. उलटं मोजत गेलं तर माल १० ऑगस्टच्या सुमारास निंगबोहून निघायला हवा. हे सगळं त्या उद्योजकाच्या डोक्यात स्वच्छ असतं. तो जे पत्र पाठवतो, त्यात मात्र ते उतरत नाही.

आपल्याकडचं नेहमीचं पत्र असं असतं. ‘डिअर सर, होप यू आर डूइंग वेल’ने सुरुवात. मग ‘आपल्या फोनवरच्या बोलण्यानुसार ५००० नगांची डिलिव्हरी 10/08 पर्यंत व्हायला हवी, ॲडव्हान्स लवकरच पाठवला जाईल, मामला अर्जंट आहे’ अशा आशयाचं एक लांबलचक इंग्रजी वाक्य, आणि शेवटी ‘काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट’. दोन तासांत उत्तर येतं, ‘ओके सर, नो प्रॉब्लेम’. दोन्ही बाजू निश्चिंत होतात. प्रत्यक्षात दोघांचं कशावरच एकमत झालेलं नसतं.

या पत्रातली पहिली अडचण तारखेची आहे. आपण 10/08 म्हणजे १० ऑगस्ट समजतो. चिनी माणूस तारीख लिहिताना वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठेवतो. वर्ष गाळलं तरी महिना आधीच राहतो. त्यामुळे 10/08 हे त्याच्या डोळ्यांना सरळ ८ ऑक्टोबर दिसतं. चीनचा राष्ट्रीय दिन १ ऑक्टोबरला असतो, त्याला जोडून आठवडाभर सुटी असते आणि ८ ऑक्टोबरच्या आसपास कारखाने पुन्हा सुरू होतात. म्हणजे ती तारीख त्याला अगदी सोयीची वाटते, खटकत नाही, आणि खटकली नाही म्हणून तो विचारतही नाही. हा घोळ टाळायला महिन्याचं नाव अक्षरात लिहायचं आणि वर्ष कधीच गाळायचं नाही. चिनी मजकुरात 2026年8月10日 असं लिहिलं, की शंकेला जागा राहत नाही. आकड्यांचंही तसंच. आपला दीड लाख 1,50,000 असा लिहिला, की स्वल्पविरामाची जागा पाहून परदेशी वाचक बुचकळ्यात पडतो. चिनी भाषेत मोठे आकडे दहा हजारांच्या गटांनी मोजतात. म्हणून संख्या स्वल्पविरामाशिवाय सलग लिहिलेली बरी, 150000.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. डिलिव्हरी म्हणजे काय? अंबडच्या माणसाच्या मनात डिलिव्हरी म्हणजे माल आपल्या शेडमध्ये उतरणं. तायझोऊच्या कारखान्यात याच शब्दाचा अर्थ माल तयार होऊन गोदामात रचला गेला असा होऊ शकतो, किंवा ट्रक निंगबोकडे निघाला, किंवा जहाजावर चढला असाही. चिनीत या प्रत्येक टप्प्याला वेगळा शब्द आहे. काम पुरं होणं म्हणजे 完工, माल रवाना करणं म्हणजे 发货, जहाजावर चढवणं म्हणजे 装船, बंदरात पोचणं म्हणजे 到港. इंग्रजी ‘डिलिव्हरी’चं भाषांतर करताना भाषांतराचं साधन बहुधा 交货 हा शब्द निवडतं. या शब्दाचा अर्थ माल हवाली करणं एवढाच. कुठे हवाली करणं, ते त्यात नाही. ‘交货 झालं’ हे वाक्य वरच्या चारांपैकी कुठल्याही टप्प्याला खरं ठरू शकतं. आणि ‘发货 केलं’ असा निरोप आला म्हणजे जहाज सुटलं असं मुळीच नाही. अनेकदा त्याचा अर्थ टेम्पो कारखान्याच्या फाटकाबाहेर पडला एवढाच असतो.

म्हणून मी एकच नियम सगळ्यात वर ठेवतो. पत्रात ‘डिलिव्हरी’ हा शब्द तारखेशेजारी वापरायचा नाही. त्याऐवजी घडणारी गोष्ट लिहायची. माल जहाजावर चढलेला असेल. माल पॅक होऊन तयार असेल. कोण करणार, काय करणार, कुठे, कोणत्या दिवसापर्यंत, या चार गोष्टी प्रत्येक वाक्यात सापडल्या पाहिजेत. त्या सापडल्या, की वाक्य आपोआप साधं होतं आणि कोणत्याही भाषेत नीट जातं.

इथे आपल्या इंग्रजीच्या काही सवयी आड येतात. ‘ॲडव्हान्स पाठवला जाईल’, ‘भाडं भरलं जाईल’ अशा कर्मणी रचनेत कोण भरणार ते दिसत नाही. चिनी वाक्यातही कर्ता गाळायची पद्धत आहे, त्यामुळे धूसरपणा भाषांतरात जसाच्या तसा टिकतो आणि तिकडचा वाचक आपल्या सोयीचा कर्ता घालून घेतो. ‘बाय’ हे इंग्रजी अव्ययही असंच फसवं आहे. ते ‘अमुक तारखेपर्यंत’ असं सांगतं, ‘अमुक माणसाकडून’ असं सांगतं आणि ‘समुद्रमार्गे’ असंही सांगतं. एका वाक्यात दोनदा आलं तर यंत्राचा अंदाज चुकू शकतो. ‘रिव्हर्ट’ हा शब्द उत्तर देणं या अर्थाने आपण भारतात सर्रास वापरतो. त्याचा मूळ अर्थ पूर्वस्थितीला येणं असा आहे, आणि भाषांतरात तोच उतरू शकतो. ‘आपल्या फोनवरच्या बोलण्यानुसार’ हे तर पूर्ण गाळावं. फोनवर जे ठरलं ते पुन्हा लिहून काढावं.

मूळ पत्र इंग्रजीतच लिहावं असं माझं मत आहे. मराठीतून थेट चिनी करून देणारी साधनं आता फोनवर आहेत, पण तिकडच्या विक्रेत्याला शंका आली तर तो मूळ मजकूर स्वतः वाचू शकत नाही. इंग्रजी मजकूर दोघांनाही अर्धामुर्धा का होईना वाचता येतो. पत्रात आधी इंग्रजी, खाली चिनी, आणि दोन्हींत तेच क्रमांक. इंग्रजीतलं पाचवं वाक्य आणि चिनीतलं पाचवं वाक्य एकाच गोष्टीबद्दल असायला हवं. क्रमांक नसले तर भाषांतरात दोन वाक्यं मिसळली किंवा एक गळलं, तरी ते कळत नाही.

अंबडच्या त्या ऑर्डरचं चिनी पत्र मी असं लिहीन:

```
您好！
1. 产品：12V隔膜泵，5000台。
2. 贸易术语：FOB 宁波港，Incoterms 2020。
3. 预付款为货款的30%，由我司电汇，
   2026年7月1日（含当日）之前到达贵司账户。
4. 贵司在2026年8月3日（含当日）之前
   完成全部生产和包装。
5. 舱位由我司的货运代理预订。我司在2026年7月27日
   （含当日）之前将船期通知贵司。
6. 最迟装船日期：2026年8月10日（含当日），
   以提单上的装船日期为准。
7. 海运费由我司支付。
```

मराठीत सांगायचं तर पहिली ओळ मालाची: १२ व्होल्टचे डायफ्राम पंप, ५००० नग. दुसरी व्यापाराच्या अटीची. तिसरी म्हणते, आगाऊ रक्कम किमतीच्या ३० टक्के, ती आमची कंपनी बँकेतून पाठवेल आणि १ जुलै २०२६ पर्यंत, तो दिवस धरून, तुमच्या खात्यात पोचेल. चौथी, तुमची कंपनी ३ ऑगस्टपर्यंत सगळं उत्पादन आणि पॅकिंग पुरं करेल. पाचवी, जहाजातली जागा आमचा फॉरवर्डर घेईल आणि जहाजाचं वेळापत्रक आम्ही २७ जुलैपर्यंत कळवू. सहावी, जहाजावर माल चढण्याची शेवटची तारीख १० ऑगस्ट, आणि ती ठरवताना बिल ऑफ लेडिंगवरची जहाजावर चढल्याची तारीख धरली जाईल. सातवी, समुद्रभाडं आम्ही भरू.

चिनी मजकुरात 贵司 म्हणजे तुमची कंपनी आणि 我司 म्हणजे आमची कंपनी. चिनी वाचता येत नसलं तरी ही दोन चिन्हं नीट पाहून ठेवावीत. दोन्हींत दुसरं अक्षर एकच आहे, पहिलं वेगळं. प्रत्येक ओळीत काम ज्याचं आहे त्याचंच चिन्ह आलं आहे ना, एवढं डोळ्यांनी ताडता येतं. 含当日 ही तीन अक्षरंही लक्षात ठेवावीत. त्यांचा अर्थ ‘तो दिवस धरून’. चिनीत 之前 म्हणजे ‘च्या आधी’. १० ऑगस्टच्या आधी म्हटल्यावर १० तारीख आत की बाहेर यावर वाद होऊ शकतो, आणि या तीन अक्षरांनी तो संपतो.

दुसऱ्या ओळीतल्या एफओबीकडे आता वळू. इनकोटर्म्स हे पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाचे, म्हणजे इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे नियम आहेत. पहिल्यांदा ते १९३६ साली आले, आणि सध्याची आवृत्ती २०२० ची, त्यात अकरा अटी आहेत. खर्च कुणाचा, जोखीम कधी विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जाते आणि कागदपत्रं कुणी करायची, हे त्या ठरवतात. मालकी कधी बदलते किंवा पैसे कधी द्यायचे, हे त्या ठरवत नाहीत. नुसतं ‘एफओबी चायना’ लिहिलेलं पत्र अपुरं असतं, कारण बंदर कुठलं ते त्यात नाही. निंगबोऐवजी शेनझेनला माल नेला तर आपल्या फॉरवर्डरचं सगळं गणित कोलमडतं. बंदराचं नाव आणि आवृत्तीचं वर्ष, दोन्ही लिहावीत.

एफओबीत विकणारा निंगबोला जहाजावर माल चढवून देतो. चढला त्या क्षणी जोखीम आपली होते. पुढचं भाडं आणि विमा आपला. याची दुसरी बाजू अनेकांच्या लक्षात राहत नाही. या अटीत जहाज ठरवणं हे घेणाऱ्याचं काम आहे. माल तयार असूनही आपल्या फॉरवर्डरने जागा घेतली नाही म्हणून जहाज चुकलं, तर उशीर कारखान्याचा नाही, आपला. म्हणूनच पत्रात पाचवी ओळ हवी. आपण २७ जुलैपर्यंत वेळापत्रक कळवण्याचं वचन दिलं, की १० ऑगस्टची तारीख पाळली गेली नाही तर चूक कुणाची ते दिसतं. चौथ्या आणि सहाव्या ओळीत आठवडाभराचं अंतरही मुद्दाम ठेवलं आहे. जहाज सुटण्याच्या काही दिवस आधी बंदर माल घेणं बंद करतं, आणि एक जहाज चुकलं तर पुढचं अनेकदा आठवड्याने असतं. उत्पादन १० तारखेला संपलं, तर माल १० तारखेला चढूच शकत नाही.

५००० पंपांनी एक कंटेनर पूर्ण भरेलच असं नाही. मग तो माल दुसऱ्यांच्या मालाबरोबर एका गोदामात जमा होतो, तिथे कंटेनर भरला जातो आणि मग तो बंदरात जातो. कारखान्याने ट्रक गोदामात खाली केला आणि त्यानंतर चार दिवसांनी जहाज सुटलं, तर मधल्या चार दिवसांत माल भिजल्यास तोटा कुणाचा? एफओबीच्या नियमानुसार अजून विकणाऱ्याचा, पण माल त्याच्या ताब्यात नाही. याच कारणाने इनकोटर्म्स लिहिणारे कंटेनरच्या मालासाठी एफसीए ही अट सुचवतात. तिच्यात ठरलेल्या ठिकाणी आपल्या वाहतूकदाराकडे माल सोपवला, की विकणाऱ्याचं काम संपतं. चिनी कारखाने सवयीने अजूनही एफओबीचाच भाव देतात आणि लहान ऑर्डरला तो घेऊन चालतं. पण एफसीए घेतलं तर सहावी ओळ बदलावी लागेल, कारण त्या अटीत जहाजावर चढणं हे विकणाऱ्याचं काम राहत नाही. अट बदलली आणि तारखेची ओळ तीच राहिली, ही विसंगती तपासायला येणाऱ्या पत्रांत मला वारंवार दिसते.

सीआयएफमध्ये गोंधळ याहून मोठा आहे. ‘सीआयएफ न्हावाशेवा’ म्हटलं की आपल्याला वाटतं, न्हावाशेवापर्यंत सगळी जबाबदारी त्यांची. भाडं आणि विमा ते भरतात, हे खरं. पण जोखीम एफओबीसारखीच निंगबोला, जहाजावर माल चढताच आपल्याकडे येते. चिनी बोलीत सीआयएफच्या भावाला 到岸价 म्हणतात, म्हणजे अक्षरशः ‘किनाऱ्याला पोचल्याचा भाव’, आणि त्या नावाने हा गैरसमज तिकडच्या नवख्या विक्रेत्यांतही पक्का होतो. आता ‘सीआयएफ न्हावाशेवा, डिलिव्हरी १० सप्टेंबर’ हे वाक्य पाहा. नियमाप्रमाणे हवाली करणं निंगबोला होतं, मग १० सप्टेंबर ही निंगबोहून निघायची तारीख की न्हावाशेवाला पोचायची? दोन्ही अर्थ लागतात आणि दोन्हींत तीन आठवड्यांचं अंतर आहे. सीआयएफ घ्यायचंच असेल तर तारीख ‘जहाजावर चढण्याची’ लिहावी आणि पोचण्याची तारीख फक्त अंदाज म्हणून वेगळी लिहावी. विमाही पाहून घ्यावा. काही वेगळं ठरलं नसेल तर सीआयएफमध्ये विकणाऱ्याने सर्वात कमी संरक्षणाचा विमा काढला तरी चालतं.

तिसऱ्या ओळीत मी 预付款, म्हणजे आगाऊ रक्कम, हा शब्द घेतला आहे. इंग्रजीत ‘डिपॉझिट’ लिहिलं असतं तर चिनीत निदान चार शब्दांपैकी कुठलाही आला असता: 存款, म्हणजे बँकेतली ठेव, 押金, म्हणजे भाड्याच्या घराला देतो तशी परत मिळणारी अनामत, 定金 आणि 订金. शेवटचे दोन उच्चारात अगदी एक आहेत, दोन्ही ‘दिंगचिन’. पहिलं अक्षर मात्र वेगळं आहे आणि त्या अक्षराने कायदा बदलतो. चीनची नागरी संहिता १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. तिच्या ५८६ आणि ५८७ या कलमांनुसार 定金 ही कराराची हमी ठरते. देणाऱ्याने करार मोडला तर ती बुडते, घेणाऱ्याने मोडला तर त्याला दुप्पट परत करावी लागते. ही हमी कराराच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच चालते. ३० टक्के दिले तर वरच्या १० टक्क्यांना ती ताकद नाही. 订金 ही नुसती आगाऊ रक्कम, तिला दुप्पट परतीचा नियम लागत नाही. करारावर चीनचा कायदा लागू होत असेल तेव्हा हा फरक थेट पैशाचा आहे. कारखान्याला बांधून ठेवायचं असेल तर 定金 लिहावं, पण आपली ऑर्डर रद्द झाली तर आपलेही पैसे जातील हे समजून. ते नको असेल तर 预付款 बरं. भाषांतराच्या साधनाला यातला कुठला शब्द निवडायचा हे कळायचं कारण नाही, म्हणून तो शब्द आपणच ठरवून हाताने घालावा.

पैसे ‘पाठवणं’ आणि ‘पोचणं’ यांतही दोनचार दिवसांचा फरक असतो. कारखान्याचा नेहमीचा मजकूर असतो 收到定金后30天, म्हणजे रक्कम मिळाल्यावर ३० दिवस. आपण बँकेत पैसे भरले त्या दिवसापासून मोजतो, तो त्याच्या खात्यात दिसले त्या दिवसापासून. नमुना मंजूर व्हायचा असेल तर तो त्यानंतरही मोजेल. आणि ३० दिवस कुठले? रक्कम १ जुलै २०२६ ला पोचली असं धरू. चीनच्या संहितेप्रमाणे पहिला दिवस मोजायचा नाही, म्हणून साधे ३० दिवस ३१ जुलैला संपतात. पण कोटेशनमध्ये 30个工作日 असेल, म्हणजे कामाचे ३० दिवस, तर शनिवार-रविवार वगळून हिशेब १२ ऑगस्टला जातो. आपलं जहाज १० ऑगस्टचं. 工作 ही दोन अक्षरं पाहिली नाहीत म्हणून हंगामाचा माल पुढच्या जहाजाला गेला, असं सहज होऊ शकतं. त्यामुळे दिवसांची संख्या लिहू नये, तारीख लिहावी. जानेवारी-फेब्रुवारीची ऑर्डर असेल तर हे आणखी जपावं, कारण चिनी नववर्षाला सरकारी सुटी आठवडाभराची असली तरी कामगार गावी गेल्याने कारखाने त्याहून बरेच जास्त दिवस बंद राहतात.

आता भाषांतर तपासायचं कसं, ज्याला चिनी येत नाही त्याने? इंग्रजीचं चिनी एका साधनाने करावं आणि ते चिनी दुसऱ्या वेगळ्या साधनाने परत इंग्रजीत आणावं. तेच साधन वापरलं तर ते आपलीच चूक सरळ करून दाखवू शकतं. परत आलेला मजकूर सुंदर आहे की नाही हे पाहायचं नाही. आकडे, तारखा, बंदराचं नाव आणि प्रत्येक कामाचा कर्ता तेवढे जुळवायचे. ‘पर्यंत’चं ‘नंतर’ झालं आहे का, ‘पाहिजे’चं ‘शक्य असल्यास’ झालं आहे का, हे पाहायचं. या तपासणीची मर्यादाही आहे. मूळ शब्दच दुअर्थी असेल तर तो जाऊन तसाच परत येतो. ‘डिलिव्हरी’ जाताना 交货 होतो, येताना पुन्हा ‘डिलिव्हरी’, आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. दुअर्थीपणा पकडायला माणूस लागतो. पुण्यामुंबईत चिनी शिकलेले विद्यार्थी आहेत. त्यांना इंग्रजी न दाखवता फक्त चिनी द्यावं आणि विचारावं, समुद्रभाडं कोण भरणार, १० ऑगस्टला काय झालेलं असेल, उशीर झाला हे कुठल्या कागदावरून ठरेल. त्यांना उत्तर देताना अडखळावं लागलं, तर ते वाक्य पुन्हा लिहायचं.

उत्तर येतं तेव्हा तेही असंच वाचावं लागतं. 没问题, म्हणजे काही अडचण नाही, ही सौजन्याची भाषा आहे, कबुली नव्हे. 尽量 आलं तर ‘शक्य तितका प्रयत्न करू’. तारखेनंतर 左右 आलं तर ती तारीख ‘सुमारे’ झाली. 8月中旬 याचं भाषांतर ‘ऑगस्टच्या मध्याला’ असं येईल आणि आपण १५ तारीख धरू. चिनीत महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग करतात आणि मधला भाग ११ ते २० असा असतो. म्हणजे २० ऑगस्टलाही त्याने शब्द पाळलाच. अशा वेळी ‘हो की नाही’ असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, कारण उत्तर ‘हो’च येईल. रिकामी जागा पाठवावी, 最迟装船日期：____年__月__日, आणि ती त्याने भरून पाठवावी. जो माणूस स्वतः तारीख लिहितो तो ती लिहिण्याआधी उत्पादन विभागाला विचारतो.

पत्रव्यवहार ईमेलवरच करावा लागतो, त्यालाही कारण आहे. चिनी कारखाने वीचॅटवर बोलतात, आणि भारताने जून २०२० मध्ये बंदी घातलेल्या ५९ चिनी ॲपमध्ये वीचॅट होतं. उलट व्हॉट्सॲप आणि गुगलच्या सेवा चीनमध्ये सरळ उघडत नाहीत. पंपाचं रेखाचित्र गुगल ड्राइव्हवर ठेवून दुवा पाठवला तर तो तिकडे उघडणार नाही, आणि संकोचाने ते सांगणारही नाहीत. फाइल पत्रालाच जोडावी. चीनचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. आपल्याकडे दुपारचे तीन वाजले की तिथे साडेपाच, म्हणून ज्या पत्राचं उत्तर त्याच दिवशी हवं ते सकाळीच जावं.

हे सगळं जुळल्यावर कारखान्याकडून प्रोफॉर्मा इनव्हॉइस येतं. पत्रात ठरलेलं सगळं विसरून जुन्या साच्यातली ओळ त्यात तशीच राहिलेली असते: ‘डिलिव्हरी, ३० वर्किंग डेज आफ्टर डिपॉझिट’. दोन्ही बाजू सही करतात तो कागद हा असतो, आणि चीनमध्ये सहीइतकाच, बहुधा सहीपेक्षा जास्त मान कंपनीच्या लाल शिक्क्याला असतो. म्हणून पत्रातली दुसरी, तिसरी आणि सहावी ओळ त्या कागदावर जशीच्या तशी उतरवून मागावी, इंग्रजी आणि चिनी दोन्हींत. दोन्ही भाषांत फरक निघाला तर कुठला मजकूर धरायचा तेही त्यातच लिहून घ्यावं. तो शिक्क्याचा कागद हातात येऊन त्यातल्या तारखा पत्राशी ताडून होईपर्यंत बँकेत आगाऊ रक्कम भरायला जाऊ नका.